४० बाय २५ फुटांच्या कोब्यावर ३६ मुलं: ‘चिमटा-पाटी’ कशी आखायची आणि कशी खेळवायची

प्रश्न: सर, आमची शाळा मुंबईत, दाटीवाटीच्या वस्तीत आहे. मैदान म्हणजे इमारतीमागची ४० फूट बाय २५ फुटांची सिमेंट कोब्याची जागा, चारी बाजूंनी भिंती, आणि तिला लागून जेमतेम पाच फूट रुंदीचा व्हरांडा. सातवीत ३६ मुलं-मुली आहेत, तास ३५ मिनिटांचा. कबड्डी घेतली तर निम्मी बसून राहतात, पकडापकडीत भिंतीवर आपटतात, चेंडू आणला की खिडक्यांची भीती. वर वर्ग चालू असतात, त्यामुळे आवाजाचीही तक्रार येते. पैसे जवळजवळ नाहीतच. एवढ्या जागेत सगळ्यांना घाम येईल असा एखादा खेळ बसवता येईल का?

उत्तर: येईल. पण आधी एक गोष्ट सोडून द्या: मोठा खेळ आक्रसून लहान जागेत बसवणं. किशोर गटाचं कबड्डीचं मैदान ११ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे साधारण ३६ फूट बाय २६ फूट. तुमची जागा २५ फूट रुंद, म्हणजे ते मैदान तुमच्या भिंतींच्याही बाहेर जातं, मोकळी कड तर दूरच. खो-खोचं मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, त्याचा विचारच नको. मैदान लहान केलं तरी मुलांच्या पायातला वेग लहान होत नाही. म्हणून ती भिंतीवर आपटतात.

जागा खातो तो वेग. एखाद्या मुलाला सरळ रेषेत २० फूट मोकळे मिळाले की तो चांगलाच वेग घेतो, आणि मग थांबायला त्याला आणखी सात-आठ फूट लागतात. त्याच मुलाला दर सहा-सात फुटांवर थांबणं भाग पाडलं, तर तो तितकाच दमतो, किंबहुना जास्तच दमतो, कारण दर वेळी शून्यातून सुरुवात करावी लागते. पण भिंतीपर्यंत वेग घेऊन कधीच पोहोचत नाही. त्यामुळे लहान जागेचा खेळ रचताना मी आधी एवढंच बघतो, की मूल एका दमात किती फूट सरळ जाऊ शकतं. दुसरी गोष्ट, कोण कुठल्या दिशेनं हलणार हे ठरलेलं आहे का. पकडापकडीत सगळे सगळीकडे धावतात, म्हणून टकरी समोरासमोर होतात.

बास्केटबॉलचा जन्म अशाच अडचणीतून झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथं जेम्स नेस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात व्यायामशाळेच्या आत १८ तरुणांना खेळवायचं होतं. खाली कठीण लाकडी जमीन. मैदानी खेळातली अंगावर झेप तिथं चालणार नव्हती. त्यानं विचार केला की झेप घेतली जाते ती चेंडू घेऊन धावणाऱ्यावर, तेव्हा चेंडू घेऊन धावायलाच बंदी. टोपल्या सज्जाच्या कठड्याला, दहा फुटांवर, ठोकल्या, म्हणजे चेंडू जोरात फेकण्यापेक्षा अलगद टाकावा लागेल. त्याच्या मूळ १३ नियमांतले महत्त्वाचे नियम त्या खोलीनं आणि त्या जमिनीनं लिहून घेतले, असं म्हटलं तरी चालेल. तुम्हालाही तुमच्या कोब्याकडून आणि भिंतींकडून नियम लिहून घ्यायचे आहेत.

आणि त्यासाठी लागणारी मुख्य युक्ती आपल्याकडे आधीपासून आहे, ती आट्यापाट्यांत. आट्यापाट्यांचं पूर्ण मैदान मोठं असतं, नऊ पाट्यांचं, लांबी जवळपास ९० फूट. पण त्यातली मूळ कल्पना अशी की अडवणारा आपल्या पाटीवरच राहतो, पाटी सोडून कुणाच्या मागे धावत नाही. ओलांडणारा पाटीला काटकोनात जातो, अडवणारा पाटीवरून आडवा सरकतो. पाठलाग नाही, म्हणून लांब धाव नाही, आणि दोघांच्या दिशा ठरलेल्या असल्यामुळे समोरासमोर टक्कर नाही. कमी जागेला याहून चांगला पाया मला माहीत नाही. तुमच्या जागेसाठी त्यावरच मी एक खेळ बसवून देतो. आम्ही त्याला ‘चिमटा-पाटी’ म्हणतो, कारण गुण मोजायला कपडे वाळत घालायचे चिमटे वापरतो.

आखणी

४० फुटांच्या लांबीत दोन्ही टोकांना सहा-सहा फूट मोकळे सोडा. उरले २८. २५ फुटांच्या रुंदीत दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट सोडा. उरले १८. हे २८ बाय १८ फुटांचं तुमचं मैदान. बाजूची साडेतीन फुटांची वाट परतीच्या रस्त्याची आहे, टोकाची सहा फुटांची जागा थांबण्याची आणि रांगेची.

या २८ फुटांत आडव्या तीन पाट्या काढायच्या, प्रत्येक एक फूट रुंद. पाट्यांच्या आधी, मधे आणि नंतर मिळून चार घरं होतात. तीन पाट्यांचे तीन फूट वजा केले की २५ उरतात, म्हणून प्रत्येक घराची खोली सव्वासहा फूट. रुंदीतले १८ फूट मात्र सलग ठेवू नका. मधोमध दोन फुटांची उभी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काढा. तिच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट उरतात. म्हणजे मैदानाचे डावा आणि उजवा असे दोन खण झाले आणि प्रत्येक पाटीवर दोन अडवणारे, आपापल्या खणात.

ही मधली पट्टी सगळ्यांना बंद. आट्यापाट्यांत जिथं मधल्या उभ्या पाटीवरचा अडवणारा, म्हणजे सूर, धावतो, तिथं आपल्याकडे कुणीच खेळत नाही. कारण एका पाटीवरचे दोघं जण मधूनच घुसणाऱ्या एकाच मुलाकडे एकदम झुकतात आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटतात. कठीण जमिनीवर सगळ्यात वाईट इजा हीच. दोन फुटांचं अंतर मधे आलं की तो प्रश्न मिटतो. शिवाय पंचांना उभं राहायला तीच जागा मिळते. प्रत्येक पाटीच्या रेषेत एक, असे तीन पंच त्या पट्टीत उभे केले की एकेका पंचाला दोन्ही बाजूंचे पाय जवळून दिसतात.

चौथी पाटी काढायचा मोह होईल. ती काढून बघितली तर घरं पाच होतात आणि प्रत्येक घराला पाच फुटांहूनही कमी खोली उरते. पाटीवरून पुढे वाकलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा हात अडीच फुटांपर्यंत पोहोचतो. मग घरात सुरक्षित जागा दोन-सव्वादोन फूट राहते, तिथं तीन मुलं उभी राहिली की पुढचा मागच्याच्या पायावर पाय देतो. सव्वासहा फुटांच्या घरात हीच सुरक्षित जागा पावणेचार फूट मिळते. म्हणून तुमच्या जागेत तीनच पाट्या.

कोपरे काटकोनात यावेत म्हणून सुतळीला सहा, आठ आणि दहा फुटांचा त्रिकोण करून घ्या. सातवीच्या मुलांकडून हे करवून घेतलंत तर आखणी आणि भूमिती दोन्ही होतील. पहिले दोन आठवडे फक्त खडूनं आखा. मैदानावर टाकतो ती फक्की इथं अजिबात नको. मातीवर ती ठीक आहे, कोब्यावर तिची पूड पायाखाली घसरते आणि वाकलेल्या मुलांच्या डोळ्यांत जाते.

खेळ

वर्गाचे बारा-बारांचे तीन गट करा. एक गट ओलांडणारा, एक अडवणारा, एक राखीव. ओलांडणारे बाराही एकदम खेळतात, डाव्या खणात सहा, उजव्या खणात सहा. अडवणाऱ्यांपैकी सहा पाट्यांवर उभे राहतात, प्रत्येक पाटीवर दोन.

ओलांडणारा सुरुवातीच्या रेषेमागून पहिल्या घरात येतो. घरात आल्यावर दोन्ही पाय टेकवून, वाकून दोन्ही हातांनी दोन्ही गुडघ्यांना स्पर्श करायचा. तो केल्याशिवाय पुढची पाटी ओलांडता येत नाही. पुढच्या घरात गेला की पुन्हा गुडघे, मग पुढची पाटी. तिन्ही पाट्या ओलांडून, शेवटच्या घरातही गुडघे शिवून बाहेर पडला की समोरच्या भिंतीवरच्या सुतळीचा एक चिमटा काढायचा, आपल्या कॉलरला किंवा बाहीला लावायचा, आणि बाजूच्या वाटेनं चालत परत सुरुवातीला यायचं. तिथं भिंतीवर दुसरी सुतळी असते, तिच्यावर चिमटा लावला की एक गुण. लगेच पुढची फेरी.

पाटीवर पाय पडता कामा नये. एका फुटाची पाटी मोठं पाऊल टाकून सहज ओलांडता येते, उडी मारायची नाही. अडवणाऱ्याचे दोन्ही पाय पाटीच्या आत हवेत. त्यानं समोरून येणाऱ्यालाच शिवायचं, पाटी ओलांडून मागे गेलेल्याला वळून शिवायचं नाही. नाहीतर घरातल्या मुलाला पुढून आणि मागून दोन्हीकडून हात येतात आणि घरात श्वास घ्यायला जागा राहत नाही.

शिवला गेलेला बाद होऊन बसत नाही. तो त्याच घरातून बाजूच्या वाटेवर जातो, चालत सुरुवातीला येतो आणि नव्यानं निघतो. चिमटा घेऊन येणारे आणि शिवले गेलेले दोघंही वाटेवरून एकाच दिशेनं जातात, त्यामुळे वाटेत कुणी कुणाच्या समोर येत नाही. वाटेवर धावला तर त्या फेरीचा चिमटा परत लावून यायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा. धावायची खरी इच्छा मुलांना तिथंच होते आणि भिंत तिथं सगळ्यात जवळ असते.

गुडघ्यांना हात लावायचा नियम क्षुल्लक वाटेल, पण सगळा खेळ त्यावर उभा आहे. तो काढून टाकलात तर चपळ मुलगा तिन्ही पाट्या एका झपाट्यात पार करून २८ फुटांचा वेग घेऊन समोरच्या भिंतीवर जाईल. वाकून गुडघे शिवायचे म्हणजे वेग शून्यावर आणावाच लागतो. टाळी वाजवायला सांगितलं तरी हेच साधतं, पण मुलं धावता धावता टाळी वाजवतात आणि वरच्या वर्गात आवाज जातो. गुडघ्यांचा स्पर्श पंचाला दिसतो, ऐकू काही येत नाही. एका फेरीत चार वेळा खाली वाकणं, चार वेळा जागेवरून झटका घेऊन निघणं, आणि पाच मिनिटांत अशा कितीतरी फेऱ्या. मुलांना दम लागतो तो यातून. पाटीवरच्या मुलाचं तर विचारूच नका. गुडघे वाकवून आठ फुटांत डावी-उजवीकडे सतत सरकणं हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे, आणि अडीच मिनिटांत त्यांचे पाय भरून येतात. म्हणून डाव पाच मिनिटांचा ठेवा आणि अडीच मिनिटांनी सहाही अडवणारे बदला.

आठ फूटच का, हेही सांगतो. बारा वर्षांच्या मुलानं दोन्ही हात पसरले तर साडेचार-पाच फूट व्यापले जातात. मधे उभा राहिला की दोन्ही कडांना दीड-दीड फूट उघडं राहतं, आणि एक पाऊल सरकून तो कुठलीही एक कड झाकू शकतो. दोन्ही कडा एकदम मात्र झाकू शकत नाही. म्हणजे एकटा मुलगा आला तर बहुतेक वेळा अडवणारा जिंकतो, दोघं दोन कडांना गेले तर एक जण नक्की पार होतो. एकानं हूल द्यायची, दुसऱ्यानं निघायचं, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. खण सहा फुटांचा केला तर हूल निरुपयोगी ठरते, दहा फुटांचा केला तर गरजच उरत नाही.

तुमच्या ३५ मिनिटांत

वर्गातून खाली येणं आणि गट पाडणं, पाच मिनिटं. अंग मोकळं करायला पाच मिनिटं, तेही त्याच पाट्यांवर: आडवं सरकणं, घरात वाकणं, लंगडीनं एक खण पार करणं. मग पाच-पाच मिनिटांचे तीन डाव. पहिल्यात अ ओलांडतो, ब अडवतो, क राखीव. दुसऱ्यात ब ओलांडतो, क अडवतो. तिसऱ्यात क ओलांडतो, अ अडवतो. गट बदलायला दोन वेळा दीड-दीड मिनिट धरा. २८ मिनिटं झाली. उरलेली सात पाणी प्यायला, हात-पाय धुवायला आणि जिना चढायला लागतातच.

राखीव बारांपैकी तीन पंच, दोन चिमट्यांच्या सुतळ्यांजवळ. उरले सात, आणि अडवणाऱ्या गटातले पाळी न आलेले सहा, असे तेरा. ते व्हरांड्यात. पाच फूट रुंदीत टिक्करचे तीन पट शेजारी-शेजारी नाही, एकापुढे एक काढा. एका पटावर चार-पाच जण. लंगडी घालायची, ठिकरी टाकायची, पाळीपाळीनं. त्यात फार दम लागत नाही, पण पाच मिनिटं उभं राहून कंटाळण्यापेक्षा आणि जिन्यात दंगा करण्यापेक्षा ते बरं. ठिकरी दगडाची नको, चपटी कापडी पुरचुंडी करा, ती घरंगळत खेळाच्या जागेत येत नाही.

चिमटे दोन डझनांची दोन पाकिटं पुरतात. चिमटेच का, तर हात मोकळे राहतात, आणि चिंचोके किंवा बाटलीची झाकणं वापरली की ती खाली पडतात आणि कोब्यावर पायाखाली येऊन मुलं घसरतात. गुण सगळ्यांना सुतळीवर दिसतात, त्यामुळे ‘आमचे जास्त होते’ हा वाद नाही. सुतळी भिंतीला चिकटून, दोन खिळ्यांना ताणून बांधा. भिंतीपासून सुटलेली, मोकळी दोरी मुलांच्या गळ्याच्या उंचीवर कधीही नको.

शिट्टी वापरू नका. पंचानं हात वर केला की खेळ त्या पाटीपुरता थांबतो, शिवला गेलेल्याकडे बोट दाखवलं की तो वाटेला लागतो. मुलांचा ओरडा बहुतेक ‘शिवला’-‘नाही शिवला’ यावरूनच होतो. दर पाटीला पंच असला आणि त्याचा शब्द अखेरचा असला की वरच्या वर्गाची तक्रार बरीच कमी होते. पूर्ण शांतता मात्र अपेक्षू नका.

काय बिघडतं आणि कसं ओळखायचं

पहिली खूण सुतळीवर दिसते. पाच मिनिटांच्या डावात बारा जणांचे मिळून बाराही चिमटे झाले नाहीत, तर अडवणारे भारी पडताहेत. त्यांना एक हात पाठीमागे ठेवायला सांगा. चार डझन चिमटेही संपून गेले, तर अडवणं फारच सोपं चुकवलं जातंय. तेव्हा गुडघ्यांऐवजी पायाचे अंगठे शिवायला सांगा, ओलांडणारे आपोआप मंदावतात. मैदान पुन्हा आखण्याची गरज पडत नाही.

दुसरी खूण तुम्हाला मुलांच्या कॉलरकडे बघून कळेल. चिमटे तेच ते चार-पाच जण आणताहेत आणि दोन-तीन मुलं पूर्ण डावभर पहिल्या घरातच उभी आहेत, हे प्रत्येक वर्गात घडतं. लाजरी मुलं आणि जड अंगाची मुलं गर्दीत लपतात. त्यावर उपाय असा: एका मुलाला एका डावात जास्तीत जास्त चार चिमटे. चार झाले की तो पार होण्यासाठी खेळत नाही, फक्त हूल देण्यासाठी खेळतो. तो घरात उभा राहून अडवणाऱ्याला आपल्याकडे ओढतो आणि मागच्याला वाट करून देतो. वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा अशा वेळी सगळ्यात मंद मुलीसाठी जिवाचं रान करून हूल देतो, कारण आता गटाचा पुढचा गुण तिच्याच हातात असतो. हा नियम घातल्यावर खेळाचं रूपच बदलतं. तो पहिल्या दिवशी सांगू नका, मुलांना आधी साधा खेळ कळू द्या, दुसऱ्या आठवड्यात आणा.

तिसरी अडचण शिवण्याची. सातवी-आठवीत मुलं-मुली एकमेकांना शिवायला कचरतात, किंवा उलट, मुलगे जोरानं थापड मारतात. अडवणाऱ्यांच्या एका हातात जुना सुती मोजा घालायला द्या आणि मोज्याच्या हातानंच शिवायचं, खांद्याखाली आणि कोपरापर्यंतच्या दंडावर, असं ठरवा. नखं लागत नाहीत, कपडे ओढले जात नाहीत, आणि कुठे हात लागला यावर कुणाला अवघडायला होत नाही. मोजे दर आठवड्याला धुवायला मुलांनाच पाळीनं द्या.

एखाद्या मुलाच्या पायात अशक्तपणा असेल, तो कॅलिपर लावून चालत असेल, तर त्याच्यासाठी वेगळा खेळ काढू नका. या खेळात सगळेच दर घरात थांबतात, त्यामुळे त्याचं मागे पडणं मुळातच कमी होतं. त्याला प्रत्येक पाटीवर एकदा शिवलं गेलं तरी माफ, आणि गुडघ्यांऐवजी त्याला जिथवर सहज हात पोहोचेल तिथं स्पर्श, एवढं पुरतं.

टोकाचे सहा फूट पुरतात की नाही याची परीक्षा तुम्ही स्वतः घ्या. वर्गातल्या सगळ्यात वेगवान मुलाला शेवटच्या घरात गुडघे शिवून तिथून जमेल तितक्या जोरात बाहेर पडायला सांगा. भिंतीला हात टेकल्याशिवाय त्याला थांबता आलं नाही, तर शेवटची पाटी एक फूट अलीकडे घ्या आणि त्यापुढची रेषाही तेवढीच मागे ओढा. टोकाला नळ, जिन्याची पायरी किंवा उघडणारं दार असेल, तर ते टोक सुरुवातीचं ठेवा, शेवटचं नको. सुरुवातीच्या टोकाला मुलं चालत येतात.

कोबा

मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कोब्यावर शेवाळ धरतं, आणि ते दिसण्याआधी पायाला कळतं. खेळाआधी तुम्ही स्वतः टाच घासून बघा. टाच सरकली तर त्या दिवशी खेळ नाही, मग ऊन पडलेलं का असेना. दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासून धुतलं की शेवाळ आटोक्यात राहतं, पण धुतल्यावर पावडर पूर्ण निघून जागा कोरडी व्हायला हवी. बुटांचे तळ गुळगुळीत झालेल्या मुलांना त्या दिवशी पंच करा. नुसत्या मोज्यांवर कुणालाही खेळू देऊ नका. सकाळच्या सत्रात अनवाणी खेळणं चांगलं, पकड उत्तम मिळते. दुपारी तापलेल्या कोब्यावर अनवाणी पाय भाजतात.

दोन आठवडे खडूवर खेळल्यावर मापं पक्की झाली की रंग लावा. चकचकीत ऑइलपेंट तसाच लावला तर थोड्याशा दमटपणातही तो निसरडा होतो, आणि पाटी ही नेमकी अशी जागा आहे जिथं मूल आडवं सरकतं. रंगात बारीक चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू मिसळा, किंवा ओल्या रंगावरच ती भुरभुरवा आणि वाळल्यावर सुटी वाळू झाडून टाका. सगळी पाटी रंगवायची गरज नाही, कडेच्या दोन इंचभर रुंद रेषा पुरतात. मधली बंद पट्टी मात्र वेगळ्या रंगात फुल्या मारून दाखवा, नवीन वर्गाला तिचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

चौथीच्या वर्गाला हेच मैदान चालतं, फक्त त्यांचे पसरलेले हात चार फुटांच्या आसपास भरतात, म्हणून त्यांच्या पाटीवर अडवणाऱ्याला थोडी जास्त धावपळ पडते. त्यांना दोन मिनिटांनी बदला आणि डाव चार मिनिटांचा ठेवा. नववी-दहावीसाठी मात्र आठ फुटांचा खण अपुरा पडतो, त्यांचे लांब हात खणाचा बराचसा भाग झाकतात. त्यांना एक हात पाठीमागे ठेवूनच अडवायला लावा, किंवा मधल्या पाटीवरचे दोन्ही अडवणारे काढून घ्या आणि ते दोघं बाकीच्यांना बदली म्हणून ठेवा.

चेंडू हवाच असं मुलं म्हणतील, तेव्हा तो चिमटा-पाटीत घुसवू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या तासाला, बिनखिडकीच्या भिंतीवर जुन्या मोज्यात चिंध्या भरलेला चेंडू द्या. तो उसळत नाही, काच फोडत नाही, आणि पाच फुटांवरून अंगावर बसला तरी लागत नाही.